दारू, एसजीपीटी आणि जीजीटी : लिव्हरचा रिपोर्ट वाचायचा कसा?

कोल्हापुरात राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये लिव्हरची तपासणी सहज होते. कंपनीची वार्षिक तपासणी असो, विम्याची असो की ‘फुल बॉडी चेकअप’चे पॅकेज, ‘एलएफटी’ त्यात असतेच. सकाळी रक्त दिले की संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि घरातले सगळे त्यातला ठळक छापलेला आकडा शोधतात. रोज दारू घेणाऱ्या माणसाच्या घरी मग बहुधा दोनपैकी एक निष्कर्ष निघतो. एसजीपीटी नॉर्मल असला तर ‘लिव्हर ठणठणीत आहे, उगाच बोलता’ आणि जीजीटी वाढलेला असला तर ‘लिव्हर गेलं’. हे दोन्ही निष्कर्ष सपशेल चुकू शकतात. पहिला जास्त धोक्याचा, कारण त्याच्या भरवशावर माणूस आणखी काही वर्षे पीत राहतो.

अशी चूक होते, कारण रिपोर्टातले सगळे आकडे एकाच गोष्टीचे मोजमाप आहेत असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात प्रत्येक आकडा वेगळ्या काळाबद्दल बोलतो. एसजीओटी आणि एसजीपीटी गेल्या काही दिवसांतली इजा सांगतात. जीजीटी गेल्या काही आठवड्यांचे सांगतो. वर्षानुवर्षे किती नुकसान साचले आहे, हे या तिन्हींपैकी एकही नीट सांगत नाही; त्यासाठी प्लेटलेट, अल्ब्युमिन आणि आयएनआर पाहावे लागतात, आणि ते पाहायला फारसे कोणी थांबत नाही. या लेखात हे सगळे आकडे एकत्र कसे वाचायचे ते पाहू.

आधी दारूचा हिशेब

रिपोर्ट उघडण्याआधी एक आकडा हाती हवा, आणि तो लॅब देत नाही. रोज किती अल्कोहोल पोटात जाते, हा तो आकडा. ‘थोडी घेतो’, ‘लिमिटमध्ये असते’ या उत्तरांचा डॉक्टरला उपयोग नाही. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ‘४२.८ टक्के’ असे छापलेले असते. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये त्या हिशेबाने ७७ मिली शुद्ध अल्कोहोल येते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याचे वजन भरते सुमारे ६० ग्रॅम. म्हणजे नाइंटीत ३० ग्रॅम आणि ३० मिलीच्या पेगमध्ये १० ग्रॅम. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली आठ टक्क्यांची असेल, तर तिच्यात सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असते. ‘बिअरच तर घेतो’ म्हणणारा माणूस रोज एक बाटली संपवत असेल, तर तो नाइंटीवाल्याच्या पुढे गेलेला असतो.

या ग्रॅमना अर्थ आहे. यकृताच्या आजारांची नवी वर्गवारी २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवली. तिच्यानुसार पुरुषाने आठवड्याला ४२० ग्रॅमपेक्षा आणि स्त्रीने ३५० ग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल घेतले, तर फॅटी लिव्हरचे कारण मुख्यतः दारूच मानले जाते. पुरुषासाठी २१० ते ४२० आणि स्त्रीसाठी १४० ते ३५० ग्रॅमच्या पट्ट्यात, सोबत पोट सुटलेले असेल, मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर दारू आणि चरबी अशी दोन्ही कारणे धरतात. रोजची एक क्वार्टर आठवड्याला ४२० ग्रॅमच्या आसपास जाते. पुढे रिपोर्टात काहीही लिहिलेले असो, हा हिशेब आधी समोर असायला हवा.

एसजीपीटी कमी का राहतो?

एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताच्या पेशींमधली दोन एन्झाइम आहेत. पेशी दुखावली की ती रक्तात झिरपतात. आता बऱ्याच रिपोर्टांवर त्यांची नवी नावे एएसटी आणि एएलटी अशी असतात. एसजीपीटी मुख्यतः यकृतातच आढळतो, म्हणून तो ‘लिव्हरचा आकडा’ म्हणून प्रसिद्ध झाला. पण दारूच्या बाबतीत हाच आकडा सर्वांत जास्त फसवतो.

त्याची दोन कारणे आहेत. एसजीओटीचा मोठा साठा पेशीच्या आत, मायटोकाँड्रियात असतो, आणि दारू नेमका त्यांच्यावरच घाव घालते. त्यामुळे एसजीओटी चढतो. दुसरीकडे, एसजीपीटी तयार व्हायला आणि काम करायला बी६ जीवनसत्त्व लागते. नियमित पिणाऱ्याच्या शरीरात ते कमी पडते, कारण जेवण मोडते आणि दारूमुळे ते जीवनसत्त्व लवकर नष्टही होते. परिणामी पेशी मरत असूनही एसजीपीटी फारसा वर जात नाही. म्हणून दारूने दुखावलेल्या यकृताच्या रिपोर्टात एसजीओटी ९०, एसजीपीटी ४० अशी जोडी दिसते. १९५७ मध्ये इटलीतल्या फर्नांदो दे रितिस यांनी या दोन आकड्यांचे गुणोत्तर पाहायची पद्धत मांडली, आणि १९७९ पासून ‘एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट असेल तर दारूचा संशय घ्या’ हा ठोकताळा रुळला.

या ठोकताळ्यालाही मर्यादा आहेत. पिणे सुरू होऊन थोडीच वर्षे झाली असतील आणि सोबत मधुमेह किंवा लठ्ठपणा असेल, तर एसजीपीटीच एसजीओटीपेक्षा जास्त राहू शकतो. उलट, कोणत्याही कारणाने लिव्हर सिरॉसिस झाला की एसजीओटी एसजीपीटीच्या वर जायला लागतो. तेव्हा गुणोत्तर दोनच्या वर असेल तर दारूचा संशय बळावतो, पण दोनच्या खाली असल्याने दारू निर्दोष ठरत नाही.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लॅब ४० किंवा ४५ पर्यंतचा एसजीपीटी ‘नॉर्मल’ छापते, पण निरोगी माणसांत ही मर्यादा पुरुषांसाठी ३० च्या आसपास आणि स्त्रियांसाठी २० ते २५ अशी खाली असते. दुसरे म्हणजे, सिरॉसिस पुढे गेला की दुखावण्याजोग्या पेशीच कमी उरतात आणि एसजीपीटी अगदी नॉर्मल येतो. पोटात पाणी झालेल्या रुग्णाच्या रिपोर्टात एसजीपीटी २८ असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

जीजीटी काय सांगतो, काय सांगत नाही

जीजीटी हे पेशीच्या आवरणावरचे एन्झाइम. पित्त वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांच्या बाजूला ते जास्त असते. रोजच्या दारूने यकृत ते जास्त प्रमाणात तयार करू लागते, म्हणून मोठी इजा होण्याआधीच जीजीटी चढू शकतो. दारू पूर्ण थांबली की तो साधारण दोन ते तीन आठवड्यांत निम्मा होतो. या सावकाश उतरण्यामुळेच तो गेल्या काही आठवड्यांची नोंद ठेवतो.

मात्र हाच गुण पाहून बरीच घरे जीजीटीला खोटे पकडणारे यंत्र समजतात. ‘तू सोडली म्हणतोस, मग जीजीटी वर कसा?’ असा जाब विचारला जातो. हे अन्यायाचे ठरू शकते. मधुमेह, लठ्ठपणा, दारूशी संबंध नसलेले फॅटी लिव्हर आणि पित्ताच्या नळीतला खडा यांनीही जीजीटी वाढतो. फिटच्या आजारावर दिलेल्या फेनिटॉइनसारख्या गोळ्यांनी तर तो ठळकपणे वाढतो. याच्या उलटही घडते. भरपूर पिणाऱ्यांतही काहींचा, विशेषतः तरुणांचा, जीजीटी नॉर्मल राहतो.

म्हणून जीजीटी एकटा वाचू नये. तो वाढला असेल आणि अल्कलाइन फॉस्फेटसही बरोबर चढला असेल, तर आधी सोनोग्राफी करून पित्ताची नळी पाहावी. जीजीटी वाढलेला, फॉस्फेटस जवळपास नॉर्मल आणि सीबीसीच्या रिपोर्टात एमसीव्ही १०० च्या वर, असे चित्र असेल तर दारूची शक्यता बरीच वाढते. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकार. दारूमुळे त्या मोठ्या होतात आणि त्यांचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने हा बदल महिनोन्‌महिने टिकतो. प्यायली की नाही हेच ठरवायचे असेल, तर पीईटीएच नावाची रक्ततपासणी जास्त भरवशाची आहे. दारूखेरीज दुसऱ्या कशानेही ती वाढत नाही आणि गेल्या दोन ते चार आठवड्यांचे पिणे दाखवते. पण ती महाग आहे आणि नमुना बहुधा मोठ्या शहरातल्या लॅबकडे पाठवावा लागतो.

सगळे दारूवर ढकलू नये

पिणाऱ्या माणसाच्या रिपोर्टात काहीही बिघडले की बोट दारूकडे जाते आणि दुसरा आजार सुटून जातो. कोल्हापूर जिल्ह्याने याचा एक धडा पाहिलेला आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेचे दूषित पाणी पिण्यात आले होते आणि साथ हिपॅटायटिस ई विषाणूची होती. अशा काविळीत एसजीपीटी हजाराच्या पुढे जातो आणि बहुधा एसजीओटीपेक्षा जास्त असतो. दारूच्या काविळीत मात्र दोन्ही आकडे सहसा ४०० च्या खालीच राहतात, बिलिरुबिन १५ वर गेले तरी. हा फरक पाठ करून ठेवावा असा आहे. रोज पिणाऱ्याचा एसजीपीटी १२०० आला तर ‘दारूने झाले’ म्हणून थांबू नये. विषाणू, पॅरासिटॅमॉलचा अतिरेक किंवा काविळीवर घेतलेले झाडपाल्याचे औषध, यांचा शोध घ्यायलाच हवा. उलट, बिलिरुबिन १५ आणि एसजीपीटी फक्त ६० असेल तर ‘आकडे फार नाहीत, कावीळ उतरवून घेऊ’ म्हणणे प्राणावर बेतू शकते. कमी एसजीपीटीची ही कावीळ विषाणूच्या काविळीपेक्षा कितीतरी जास्त जीवघेणी असते.

दुसरे उदाहरण तालमीतले. पहाटे जोर-बैठका काढणाऱ्या आणि मातीत झोंबणाऱ्या पैलवानाच्या स्नायूंतूनही एसजीओटी आणि थोडा एसजीपीटी रक्तात येतो. कधीमधी पिणाऱ्या एखाद्या पैलवानाचा एसजीओटी ११०, एसजीपीटी ६० आला, तर गुणोत्तर दारूसारखे दिसेल. इथे जीजीटी कामी येतो, कारण स्नायूंना इजा झाल्याने तो वाढत नाही. जीजीटी २५ असेल तर सीपीके ही स्नायूंची तपासणी करावी आणि आठवडाभर मेहनत बंद ठेवून रक्त पुन्हा तपासावे.

तिसरे, पावसाळ्यातला ताप. डेंग्यूत एसजीओटी एसजीपीटीपेक्षा जास्त चढतो आणि प्लेटलेट घसरतात. सिरॉसिसकडे झुकलेल्या दारुड्याचा रिपोर्ट असाच दिसतो. म्हणून तापात काढलेल्या रक्तावरून यकृताचे भविष्य ठरवू नये. शेवटी एक साधी गोष्ट. नमुन्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या तरी एसजीओटी खोटा वाढतो, कारण त्या पेशींतही तो असतो. नमुना ‘हिमोलाइज्ड’ असल्याची नोंद रिपोर्टावर असेल तर रक्त पुन्हा द्यावे.

साचलेले नुकसान कुठे दिसते?

यकृतात व्रण साठत गेले की त्यातून रक्त सहज वाहत नाही, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. म्हणून दीड लाखाच्या खाली हळूहळू उतरत गेलेल्या प्लेटलेट हा एसजीपीटीपेक्षा फार मोठा इशारा आहे. अल्ब्युमिन ३.५ च्या खाली जाणे आणि आयएनआर वाढणे म्हणजे यकृत प्रथिने बनवण्यात कमी पडू लागले. अर्थात कुपोषणात अल्ब्युमिन आणि के जीवनसत्त्वाच्या कमतरतेत आयएनआर बिघडू शकतो, हे डॉक्टर तपासून पाहतात.

एसजीओटी, एसजीपीटी, प्लेटलेट आणि वय यांची सांगड घालणारे एक सूत्र २००६ मध्ये मांडले गेले. त्याचे नाव फिब-४. वयाला एसजीओटीने गुणायचे. प्लेटलेट हजारांत घेऊन त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागायचे. उत्तर १.३ च्या खाली आले तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी, २.६७ च्या वर आले तर जास्त, मधले आले तर पुढची तपासणी. पासष्टीनंतर खालची रेषा २ धरतात. हे सूत्र मुळात एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी एकत्र असलेल्या रुग्णांसाठी बनले होते, आणि रोज पिणाऱ्यात त्याचे उत्तर फुगून येते. हे कसे होते ते एका रचलेल्या उदाहरणातून पाहू.

एक रिपोर्ट, दोनदा

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत काम करणारे ४६ वर्षांचे गृहस्थ. आठ-दहा वर्षे रोज एक क्वार्टर. त्रास काही नाही. वार्षिक तपासणीत एसजीपीटी ४१, म्हणजे लॅबच्या मर्यादेच्या आतच. घरी सगळे खूश. पण तोच रिपोर्ट पुढे वाचला तर एसजीओटी ९२, जीजीटी ३१०, बिलिरुबिन १.१, अल्ब्युमिन ३.९, एमसीव्ही १०३, प्लेटलेट १ लाख ४५ हजार. एसजीओटी दुपटीहून जास्त, जीजीटी चढलेला, तांबड्या पेशी मोठ्या : तिन्ही आकडे एकच गोष्ट सांगतात. फिब-४ काढू. ४६ गुणिले ९२ म्हणजे ४२३२. एसजीपीटी ४१ चे वर्गमूळ ६.४, त्याला १४५ ने गुणले की ९२८. भागाकार ४.५६. सिरॉसिसची शंका यावी असा आकडा.

इथे दोन टोकाच्या चुका शक्य आहेत. एसजीपीटी पाहून निश्चिंत व्हायचे, किंवा ४.५६ पाहून ‘सिरॉसिस झाला’ म्हणायचे. पण दारू एसजीओटी वाढवते आणि अस्थिमज्जेवर परिणाम करून प्लेटलेटही थेट कमी करते. म्हणजे सूत्रातले वरचे आणि खालचे, दोन्ही आकडे त्या क्षणी दारूने वाकवलेले आहेत. योग्य वाटचाल अशी : हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, सोनोग्राफी, आणि वैद्यकीय देखरेखीखाली दारू पूर्ण थांबवून सहा आठवड्यांनी तेच रक्त पुन्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये.

समजा, सहा आठवड्यांनी एसजीओटी ३८, एसजीपीटी ३३, जीजीटी ९५, प्लेटलेट २ लाख १० हजार आले. आता वरचा गुणाकार १७४८, खालचा १२०६, उत्तर १.४५. सिरॉसिसची भीती बरीच मागे गेली, पण १.३ ची रेषा ओलांडलेली आहेच. म्हणून फायब्रोस्कॅन करावा. यकृत किती कडक झाले आहे ते तो मोजतो. आठ किलोपास्कलच्या खाली आकडा आला तर मोठे व्रण बहुधा नाहीत. हा स्कॅनही तीन तास उपाशी राहून आणि दारू थांबून काही आठवडे झाल्यावरच करावा, कारण सुजलेले यकृतही कडकच लागते. ‘सोनोग्राफी नॉर्मल आहे’ एवढ्यावर थांबू नये. व्रणांची बरीच मजल गाठेपर्यंत सोनोग्राफीत फक्त ‘फॅटी लिव्हर’ एवढेच दिसू शकते.

समजा आता उलट घडले : एसजीओटी उतरला, पण प्लेटलेट १ लाख ४० हजारांवरच अडकल्या आणि अल्ब्युमिन ३.३ झाले. मग जीजीटी कितीही सुंदर उतरलेला असो, नुकसान साचलेले आहे असे धरूनच पोटविकारतज्ज्ञाकडे जावे. पहिल्या रिपोर्टात हे दोन प्रसंग सारखेच दिसत होते. त्यांना वेगळे केले ते दुसऱ्या रिपोर्टाने.

थांबताना आणि तपासताना

‘पुढच्या सोमवारी तपासणी आहे, शनिवारपासून बंद’ हा मार्ग अनेक जण घेतात. त्याने फसगत स्वतःचीच होते. एसजीओटी रक्तातून सर्वांत लवकर ओसरतो, साधारण १७ तासांत निम्मा. एसजीपीटीला सुमारे दोन दिवस लागतात. त्यामुळे दारूचा इशारा देणारे गुणोत्तरच पुसट होते, जीजीटी मात्र जिथल्या तिथे राहतो, आणि डॉक्टरला अर्धवट चित्र मिळते.

शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम तोडणे धोक्याचे आहे. काही तासांत हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास होणे, बरळणे, ताप चढणे असे सुरू झाले तर ती जीव घेणारी अवस्था असते. सकाळी उठल्यावर हात थरथरत असतील किंवा आधी कधी सोडताना फिट आली असेल, तर घरच्या घरी सोडू नये. सीपीआरसारख्या रुग्णालयात दाखल होऊन, औषधे आणि बी१ जीवनसत्त्व घेऊनच थांबवावी.

‘लिव्हर टॉनिक’ने आकडे खाली आणण्याचाही प्रयत्न होतो. पित्तावरच्या काही गोळ्यांनी जीजीटीचा आकडा उतरतो, पण दारू चालू असेल तर व्रण पडायचे थांबत नाहीत. नियमित पिणाऱ्याने पॅरासिटॅमॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या, म्हणजे ५०० च्या चार गोळ्यांच्या वर नेऊ नये. गुळवेलीसारखे काढेही डॉक्टरला सांगितल्याशिवाय घेऊ नयेत. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. त्यावर वादही झाला, पण आधीच दुखावलेल्या यकृतावर हा प्रयोग कशाला?

आणि काही लक्षणे दिसली तर रिपोर्टाची वाटच पाहू नये. डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, दिवसा झोप आणि रात्री जागरण, बोलण्यात गोंधळ. यातले काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, एसजीपीटी कितीही असो.

बाकीच्यांनी डॉक्टरकडे जाताना नुसता शेवटचा रिपोर्ट नेऊ नये. गेल्या तीन-चार वर्षांचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्यावेत, सीबीसीसह. सोबत आठवड्याच्या दारूचा ग्रॅममधला खरा हिशेब आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी असावी. प्लेटलेट अडीच लाखांवरून एक लाख ऐंशी हजार आणि मग दीड लाख अशा उतरत आल्या असतील, तर प्रत्येक रिपोर्ट स्वतंत्रपणे ‘नॉर्मल’ असला तरी उतार डोळ्यांत भरतो.

सगळ्यात मोठा घात होतो तो चांगला रिपोर्ट आल्यावर. सहा आठवडे थांबून जीजीटी ३१० वरून ९५ वर आला की अनेकांना ती पुन्हा सुरू करायची परवानगी वाटते. तो आकडा उतरला तो दारू थांबल्यामुळे, आणि पुन्हा सुरू केल्यास काही आठवड्यांत तो परत चढेल. व्रणांचे तसे नसते. सुरुवातीचे व्रण दारू कायमची थांबवल्यास बऱ्याच प्रमाणात भरून येतात, आणि पिणे-थांबणे असेच चालू राहिले तर दर खेपेला नवे साचत जातात. त्यामुळे उतरलेल्या जीजीटीचा सरळ अर्थ एवढाच, की दारू थांबली आहे आणि यकृत वाचवायची वेळ आत्ताच आहे.